एसीचं जुनं स्टँड काढायचंय? सेक्रेटरींना द्यायचं पत्र असं लिहा

साताऱ्यात शाहूपुरीतला आमचा फ्लॅट रीसेलचा. आधीच्या मालकांनी जाताना एसी नेला, पण बेडरूमच्या खिडकीबाहेरचं स्टँड तसंच ठेवलं. दोन लोखंडी अँगल, त्यांच्यावर काही नाही आणि खाली भिंतीवर चहा सांडल्यासारखे तांबूस ओघळ. दोन पावसाळे मी तिकडे काणाडोळा केला. तिसऱ्या वर्षी कबुतरांनी तिथे संसार थाटला आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंनी गॅलरीत वाळत घातलेल्या कुरडयांचा विषय जिन्यात काढला, तेव्हा मात्र हललो.

सेक्रेटरींना पत्र दिलं. चार ओळींचं. ‘माझ्या सदनिकेबाहेरील निरुपयोगी स्टँड काढण्यास परवानगी मिळावी’ आणि खाली सही. दोन दिवसांनी ते माझ्याच दारातून आत सरकवलेलं सापडलं. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने पाच प्रश्न होते. कोण काढणार? कुठे उभं राहून? खाली गाड्या असतात त्याचं काय? भोकं कोण बुजवणार? रंग कुठला?

तेव्हा राग आला होता. आता वाटतं, पाचही प्रश्न रास्त होते आणि त्यातला चौथा तर मुख्यच होता. कमिटीला लोखंड गेल्याचं दुःख नसतं. ते गेल्यावर भिंतीत जी चार-सहा भोकं उरतात, त्यांची धास्ती असते. म्हणून पत्रात स्टँड काढण्याबद्दल दोन ओळी आणि भिंत पूर्ववत करण्याबद्दल सहा ओळी, हे माप धरून लिहा.

स्टँड आपलं, भिंत सगळ्यांची

फ्लॅटच्या आतली भिंत तुमची, बाहेरचा दर्शनी भाग मात्र सोसायटीचा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंतींची देखभाल संस्थेकडे असते, आणि सभासदाला सदनिकेत फेरफार करायचा तरी कमिटीची लेखी परवानगी लागते. ‘मी काही बसवत नाहीये, काढतोय’ हा युक्तिवाद तोंडी बरा वाटतो, पण भिंतीला छिन्नी लागणारच असते. पूर्वी स्टँड बसवताना कुणी परवानगी घेतली नव्हती, हेही कारण चालत नाही.

तुमच्या इमारतीची नोंदणी सोसायटी म्हणून नसेल आणि अपार्टमेंट म्हणून असेल, तर पत्र असोसिएशनच्या सचिवांच्या नावे द्यायचं. साताऱ्या-सांगलीकडे अशा इमारती पुष्कळ आहेत आणि राहणाऱ्यांनाच फरक ठाऊक नसतो. देखभालीच्या पावतीवर वरती नाव काय छापलंय ते बघा, तेच नाव पत्रात जसंच्या तसं लिहा. भाडेकरू असाल तर पत्रावर मालकांची सही हवी. तुम्ही मसुदा करून द्या, सही त्यांना करू दे.

पत्राआधी तासभर भिंत बघा

कागद पुढे ओढायच्या आधी स्टँड नीट पाहून घ्या. खिडकीतून बाहेर वाकू नका, मोबाइल हातात घट्ट धरून हात बाहेर काढला तरी फोटो येतो. तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, बोल्ट किती आणि कुठे आहेत. साधारणपणे एका अँगलला दोन किंवा तीन फास्टनर असतात. ते विटांच्या भिंतीत असतील तर काम सोपं. खिडकीच्या वरच्या पट्ट्यात किंवा इमारतीच्या कोपऱ्याजवळ असतील तर आत बीम किंवा कॉलम असण्याची शक्यता आहे. तिथे फास्टनर उपटायच्या भानगडीत पडायचं नाही. काँक्रीटला टवका गेला तर आतली सळई उघडी पडते आणि मग प्रकरण स्टँडपुरतं राहत नाही.

दुसरी, बोल्टभोवतीचं प्लास्टर. आमच्याकडे एका बोल्टभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा होत्या. हे गंजाचं काम. लोखंड गंजलं की मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतं, भोकात फुगतं आणि प्लास्टर बाहेर ढकलतं. त्या भेगेतून पावसाचं पाणी शिरतं, त्याने आणखी गंज चढतो. हात पोचत असेल तर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकून बघा. ठणठण वाजलं तर प्लास्टर धरून आहे, डबडब वाजलं तर सुटलंय. सुटलेला भाग किती आहे तो अंदाज पत्रात लिहायचा असतो.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: पाइपचं भोक. एसी गेला तरी तांब्याचे पाइप जिथून आत यायचे ते दोन-अडीच इंचांचं भोक राहतं. आमच्या भोकावर बाहेरून पांढऱ्या सिमेंटचा पातळ थर होता. तो फिटरने टोकरला तर आतून वर्तमानपत्राचे बोळे निघाले, ओले आणि काळे पडलेले. बेडरूमच्या कपाटामागे येणारी ओल टेरेसवरून येते असं आम्ही धरून चाललो होतो, ती इथली होती. स्टँडच्या परवानगीतच हे भोक बुजवायची परवानगी मागून टाका, नाहीतर त्याच भिंतीसाठी दुसरं पत्र द्यावं लागतं.

जुनी वायर बाहेर लोंबत असेल तर ती बोर्डातून सुटी केली आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी बघून घ्या.

आता दोन फोटो. एक खाली पार्किंगमधून, पूर्ण भिंत दिसेल असा, त्यावर आपल्या स्टँडभोवती लाल गोल. दुसरा जवळून, बोल्ट आणि गंजाचे ओघळ दिसतील असा. कमिटीतल्या सात जणांपैकी पाच जणांनी तुमचं स्टँड कधी पाहिलेलं नसतं. ‘मागच्या बाजूचं, तिसऱ्या मजल्यावरचं’ असं म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळीच खिडकी येते.

फिटरला आधी विचारा, मग लिहा

पेन्सिलीतल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे नव्हतीच, कारण मी फिटरशी बोललो नव्हतो. परवानगी मिळाली की माणूस शोधू, असा हिशेब होता. तो उलटा करा.

फिटरला एवढं विचारा की हात खिडकीतून पोचतोय, की टेरेसवरून दोर सोडावा लागेल. स्टँड खिडकीच्या खालीच असेल तर बहुतेक वेळा आतून जमतं, तरी कमरेला नुसता दोर बांधून चालणार नाही, अंगभर पट्ट्यांचा सेफ्टी बेल्ट हवा. टेरेसवरून उतरायचं असेल तर दोर कशाला बांधणार ते विचारा. ‘टाकीच्या पाइपला’ असं उत्तर आलं तर दुसरा माणूस बघा. कमिटीही हेच विचारते, कारण टेरेसची किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि काही झालं तर पहिला फोन त्यांनाच येतो.

दुसरं विचारायचं ते बोल्टचं. नट सुटला की अँगल हातात येतो, बोल्ट मात्र भिंतीतच राहतो, कारण त्याचं आतलं टोक फुगवून पक्कं बसवलेलं असतं. घाईतला माणूस ग्राइंडरने तो भिंतीच्या पातळीला कापतो, वरून पुट्टी फिरवतो आणि निघून जातो. पुढच्या पावसाळ्यात पुट्टीतून तांबूस ठिपका वर येतो. नीट काम असं: बोल्टभोवतीचं प्लास्टर इंचभर गोलात खरवडायचं, विटांच्या भिंतीत बोल्ट हलवून निघत असेल तर काढायचा, नसेल तर भिंतीच्या पातळीपासून अर्धा इंच आत कापायचा. उरलेल्या टोकाला गंजरोधक प्रायमर लावायचा आणि तो वाळला की वरून सिमेंटचा माल भरायचा. मालात नुसतं पाणी न घालता वॉटरप्रूफिंगचं लॅटेक्स मिसळलं तर जुन्या प्लास्टरला पकड चांगली येते. बीम-कॉलममध्ये मात्र फक्त कापायचं, ओढायचं नाही.

हा माल दोन-तीन दिवस ओला ठेवावा लागतो आणि मग पूर्ण वाळू द्यावा लागतो. ओल्यावर रंग दिला तर फुगून पोपडे निघतात. म्हणजे काम एका दिवसाचं नाही. काढणं-बुजवणं एक दिवस आणि दहा-पंधरा दिवसांनी रंग दुसरा दिवस. पत्रात दोन्ही तारखा मागा. मी दुसऱ्या पत्रातही आधी एकच तारीख लिहिली होती, फिटरनेच चूक दाखवली.

हंगाम मात्र तुमच्या हातात आहे. साताऱ्यात पाऊस येतो तो यवतेश्वराकडून, पश्चिमेच्या वाऱ्यावर आडवा मारत. पश्चिमेची भिंत दसऱ्यानंतरही बरेच दिवस गारढोण असते. सांगलीकडे पाऊस कमी, तरी पावसाळा संपल्यासंपल्या हे काम काढू नका. दिवाळी उलटल्यावर ते एप्रिल अखेरपर्यंतचा काळ चांगला. घरट्यात अंडी किंवा पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबा. आम्ही तीन आठवडे थांबलो, काकूंची नाराजी पत्करून.

पत्र

हे मी दिलेलं दुसरं पत्र, रिकाम्या जागा सोडून. जसंच्या तसं उतरवलंत तरी चालेल, पण मापं आणि तारखा तुमच्या घाला.

दि. ३ फेब्रुवारी

प्रति,
मा. सचिव,
________ सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
शाहूपुरी, सातारा.

विषय: सदनिका क्र. ३०२ च्या बाहेरील भिंतीवरील एसीचे वापरात नसलेले लोखंडी स्टँड काढून भिंत पूर्ववत करण्यास परवानगी मिळण्याबाबत.

महोदय,

मी संस्थेचा सभासद असून सदनिका क्र. ३०२ माझ्या व माझ्या पत्नीच्या नावे आहे. सदनिकेच्या पश्चिमेकडील शयनगृहाच्या खिडकीखाली एसीच्या बाहेरील युनिटचे लोखंडी स्टँड आहे. एसी पूर्वीच काढलेला असून स्टँड वापरात नाही. ते गंजल्यामुळे भिंतीवर डाग पडले आहेत व एका बोल्टभोवती अंदाजे सहा इंच भागातील प्लास्टर सुटले आहे. फोटो सोबत जोडले आहेत.

सदर स्टँड मी स्वखर्चाने काढू इच्छितो. काम पुढीलप्रमाणे करण्यात येईल.

स्टँड दोराने बांधून खिडकीतून आत घेण्यात येईल, खाली सोडण्यात येणार नाही. कारागीर सेफ्टी बेल्ट वापरतील. चारही बोल्ट भिंतीच्या आत कापून किंवा काढून, त्या जागा तसेच जुन्या पाइपचे भोक सिमेंटच्या मालाने दोन्ही बाजूंनी बुजवण्यात येईल. माल वाळल्यानंतर प्रायमर व संस्थेने ठरवलेल्या छटेच्या बाहेरील रंगाचे दोन हात देण्यात येतील. रंग खिडकीखालील आडव्या खाचेपर्यंत सलग देण्यात येईल, जेणेकरून ठिगळ दिसणार नाही.

काढण्याचे काम दि. १७ फेब्रुवारी रोजी व रंगकाम दि. ९ मार्च रोजी, सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत करण्याचा मानस आहे. त्या वेळेत खालील पार्किंगच्या दोन जागा मोकळ्या ठेवण्याबाबत संबंधित सभासदांशी मी बोललो आहे. पडलेला राडारोडा त्याच दिवशी उचलण्यात येईल. कामामुळे इमारतीचे किंवा कोणाच्या वाहनाचे नुकसान झाल्यास ते भरून देण्याची जबाबदारी माझी राहील.

तरी हे पत्र व्यवस्थापक समितीच्या येत्या सभेत ठेवून लेखी परवानगी द्यावी व बाहेरील रंगाचा छटा क्रमांक कळवावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
(सही, नाव, सदनिका क्रमांक, मोबाइल)

सोबत: फोटो दोन, कारागिराचे नाव व मोबाइल क्रमांक.

काही ओळी अशाच का

‘खाली सोडण्यात येणार नाही’ ही ओळ वाचून सेक्रेटरी काकांनी मान डोलावली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दोन अँगल मिळून वजन चार-पाच किलोच भरतं, पण तिसऱ्या मजल्यावरून ते एखाद्या गाडीच्या काचेवर पडलं तर पुढचं वर्षभर जिन्यात तोच विषय. म्हणून नट सैल करायच्या आधी अँगल दोराने बांधून दोराचं टोक खोलीच्या आत पक्कं करायचं.

रंगाचं वाक्य माझं नाही, आमच्या पेंटरचं. इमारतीचा रंग उन्हापावसाने फिका पडलेला असतो. त्याच नंबरचा ताजा रंग हातभर चौकोनात लावला की चेहऱ्यावर बँडेज लावल्यासारखा उठून दिसतो. रंग एखाद्या खाचेपर्यंत किंवा पट्ट्यापर्यंत नेऊन थांबवला तर डोळा फसतो. थोडा रंग जास्त लागतो, पण कमिटीतल्या सौंदर्यवाद्यांचं तोंड बंद होतं. आणि छटा क्रमांक सोसायटीच्या जुन्या बिलावर असतो, दुकानात जाऊन ‘तो बदामीसारखा’ सांगण्यात अर्थ नाही.

‘जबाबदारी माझी राहील’ लिहायला काहींचा हात आखडतो. लिहा. कायद्याने ती तशीही तुमच्याकडेच येणार असते, पत्रात लिहिल्याने समोरचा निर्धास्त होतो इतकंच.

काय लिहायचं नाही, तेही सांगतो. आधीच्या मालकांनी स्टँड विनापरवाना बसवलं, हे नको. त्यावरून कमिटीत इतर सतरा स्टँडांची चर्चा सुरू होते आणि तुमचा विषय मागे पडतो. टेरेसची गळती, लिफ्ट, पाणी यातलं काहीच नको. घरात ओल येत असेल तर त्याचं पत्र वेगळं द्या, कारण त्याचा खर्च कोणाचा हा वाद आहे आणि या पत्रात खर्चाचा वादच नाही. ‘अन्यथा मी योग्य ती कारवाई’ वगैरे तर अजिबात नको. चार नटांसाठी सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे कुणी जात नाही, हे सेक्रेटरींनाही ठाऊक असतं.

देताना

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर पोच घ्या: सही, तारीख आणि आवक क्रमांक. छोट्या इमारतीत आवक रजिस्टर नसतं, तिथे नुसती सही-तारीख पुरे. ग्रुपवर फोटो टाकणं म्हणजे पत्र देणं नव्हे. तिथे त्याच्याखाली तीन अंगठे आणि एक शुभ सकाळ येते, निर्णय येत नाही.

कमिटीची सभा महिन्यातून एकदा तरी व्हायची असते. ती कधी आहे ते विचारून आठवडाभर आधी पत्र द्या. त्याआधी सेक्रेटरींना एकदा घरी जाऊन भेटा. ‘काका, पत्र आणलंय, तुम्ही नजर टाका, काही राहिलं असेल तर सांगा.’ आमच्या काकांनी एवढंच सुचवलं की दुपारी एक ते चार आवाज नको, खालच्या मजल्यावर म्हातारे आजोबा झोपतात. मी वेळ बदलून नवी प्रत काढली आणि सभेत विषय दोन मिनिटांत संपला.

सभा होऊन गेली आणि उत्तर आलं नाही, तर आवक क्रमांक आणि तारीख लिहून दोन ओळींचं स्मरणपत्र द्या. तोंडी ‘करून टाका हो’ मिळालं तरी लेखी मागा. सेक्रेटरी बदलतात, आणि नव्या सेक्रेटरींना जुनं ‘करून टाका’ आठवत नाही.

काम झाल्यावर

भोकं बुजवली की रंगाआधी एक फोटो काढा आणि रंगानंतर त्याच जागेवरून दुसरा. दोन्ही जोडून आणखी एक छोटं पत्र द्या: ‘आपल्या दि. ____ च्या परवानगीनुसार काम पूर्ण केले असून भिंत पूर्ववत केली आहे, पाहणी करून नोंद घ्यावी.’ हे बहुतेक जण देत नाहीत. पुढे कधी त्या बाजूला ओल आली की ‘तुम्ही तिथे तोडफोड केली होती’ हे वाक्य येतं, तेव्हा बुजवलेल्या भोकांचा फोटो फाइलमध्ये असलेला बरा.

आम्हाला फिटर, पेंटर आणि सामान मिळून अडीच हजारांच्या आसपास खर्च आला. अँगल भंगारवाल्याने नेले, त्याच्या काट्यावर चार किलो भरले. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस लागला त्या रात्री कपाट पुढे ओढून मागच्या भिंतीला तळहात लावून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. तुम्हीही असंच दोनदा बघा, कारण मुरलेलं पाणी आत दिसायला कधी कधी रात्र जावी लागते. दोन्ही वेळा हात कोरडा लागला.